पितृऋणाचा हिशेब कोण मांडणार?

मध्यमवर्गीय घरांत सध्या एक भांडण मूकपणे चालू आहे. घरात मोठा आवाज होत नाही, कोणी कोणाला टाकून बोलत नाही; परंतु दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पगार बँकेत जमा झाला की ते भांडण कर्त्या पुरुषाच्या किंवा स्त्रीच्या मनात पुन्हा उभे राहते. एकाच पगारावर दोन हक्क सांगितले जातात. एक हक्क थकलेल्या आईवडिलांचा, दुसरा स्वतःच्या उद्याच्या म्हातारपणाचा. पहिल्याला नाही म्हणावे तर कृतघ्नतेचा डाग लागतो आणि दुसऱ्याला नाही म्हणावे तर पंचवीस वर्षांनी आपणच कोणाच्या तरी दाराशी उभे राहणार, ही भीती छळते.

या भांडणात सल्ला देणारे दोन पक्ष आहेत आणि दोन्ही पक्ष घराचे नुकसान करीत आहेत. पहिला पक्ष भावनेचा. आईवडिलांच्या बाबतीत हिशेब करणे हेच या पक्षाला पाप वाटते. जेवढे लागेल तेवढे द्यावे, देव पाहून घेईल, असे त्याचे म्हणणे. दुसरा पक्ष गुंतवणुकीचे वर्ग घेणाऱ्यांचा. विमानात आधी स्वतःच्या तोंडाला प्राणवायूचा मुखवटा लावा, मग शेजाऱ्याच्या, हा त्यांचा आवडता दाखला. जणू जन्मदाते म्हणजे शेजारच्या आसनावरील अनोळखी प्रवासी! पहिला पक्ष हिशेब टाळतो, दुसरा नाते टाळतो. परिणाम मात्र एकच होतो. पहिल्याचे ऐकणारा मुलगा स्वतःचे म्हातारपण आपल्या मुलांच्या माथी मारतो आणि दुसऱ्याचे ऐकणारा आपल्या आईवडिलांना आजच वाऱ्यावर सोडतो. ऋण फेडले जात नाही, ते फक्त दुसऱ्या पिढीच्या खात्यावर चढते.

पितृऋण ही कल्पना ज्या समाजाने मांडली, त्या समाजाने ‘ऋण’ हाच शब्द निवडला, हे विसरता कामा नये. ऋण म्हटले की हिशेब आला. आणि हिशेब मांडायचा, तर तो पुऱ्या घराचा मांडला पाहिजे, एकट्या मुलाच्या पगाराचा नव्हे.

पैसा फिरतो, पण उपयोगी पडत नाही

उदाहरणादाखल डोंबिवलीसारख्या गावातील एक कुटुंब घेऊ. वडील ७१ वर्षांचे, खासगी कारखान्यातून निवृत्त. आई ६७ वर्षांची. राहते घर स्वतःचे. भविष्यनिर्वाह निधी संघटनेकडून वडिलांना महिना २,४०० रुपये निवृत्तिवेतन मिळते. खासगी नोकरीत आयुष्य घालविलेल्यांचे निवृत्तिवेतन किती तुटपुंजे असते, हे वाचकांना वेगळे सांगावयास नको. २०१४ साली सरकारने त्याची किमान मर्यादा ठरविली, तीच मुळी महिना १,००० रुपये होती. या दांपत्याचा महिन्याचा खर्च असा: किराणा, भाजी, दूध, वीज मिळून ११,००० रुपये, औषधे ५,५००, धुणीभांडी आणि स्वयंपाकाला मदतीस येणाऱ्या बाई ३,०००, सोसायटीचा देखभाल खर्च २,५००, आणि आरोग्य विम्याचा हप्ता व किरकोळ आजार यांसाठी बाजूला काढायचे ४,०००. एकूण २६,००० रुपये. निवृत्तिवेतन वजा जाता २३,६०० रुपयांची तूट राहते.

ही तूट थोरला मुलगा भरतो. त्याचे वय ४२, हाती येणारा पगार ८०,०००. त्यातून घरकर्जाचा हप्ता २४,००० आणि मुलांच्या शाळेसह घरखर्च ३२,००० जातो. उरलेल्या २४,००० रुपयांपैकी २३,६०० आईवडिलांच्या घरी जातात. महिनाअखेर चारशे रुपये राहतात. बचत शून्य.

आता या चित्रातील न सांगितलेला भाग पाहावा. वडिलांकडे निवृत्तीच्या वेळी मिळालेले सोळा लाख रुपये आहेत. सात लाख एका पतसंस्थेत, पाच लाख बँकेच्या मुदत ठेवीत, चार लाख बचत खात्यात. ठेवी अशा प्रकारच्या, की व्याज हाती न येता मुद्दलात मिळते आणि पुढे चालू राहते. वडिलांना विचारले तर उत्तर ठरलेले: “ते तुमच्यासाठीच ठेवले आहे, त्याला हात लावायचा नाही.”

म्हणजे मुलगा आपल्या चाळिशीतील, सर्वांत कामाचे रुपये वडिलांना देतो, आणि वडील ते वाचवून मुलाला साठाव्या वर्षी परत देण्याची तजवीज करतात. पैसा एक मोठे वर्तुळ फिरून तिथेच येतो. मधल्या काळात त्याचा ना वडिलांना उपभोग, ना मुलाला आधार. शिवाय तो परत येतो तेव्हा तीन भावंडांत सारखा वाटला जातो. देणारा एकटा होता, घेणारे तिघे असतात. आईवडिलांच्या पश्चात भावंडांत जे अबोले धरले जातात, त्यांतील कितीतरी अबोल्यांचे मूळ या न मांडलेल्या हिशेबात असते.

यातील पतसंस्थेची गोष्ट स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे. बँक बुडाल्यास प्रत्येक ठेवीदारास त्या बँकेतील पाच लाखांपर्यंतच्या रकमेला ठेव विम्याचे संरक्षण आहे; ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाख झाली. पतसंस्थांना हे संरक्षण मुळीच लागू नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा आरंभी खात्यातून केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. ती तरी बँक होती. अर्धा-पाऊण टक्का अधिक व्याजासाठी आयुष्याची पुंजी पतसंस्थेत ठेवणे म्हणजे मुलाच्या पुढील वीस वर्षांच्या बचतीवर न विचारता पैज लावणे होय.

मुद्दल आधी कामाला लावावे

तेव्हा पहिली पायरी मुलाच्या पगाराकडे पाहण्याची नाही, आईवडिलांच्या पुंजीकडे पाहण्याची आहे. साठी ओलांडलेल्यांसाठी २००४ पासून ज्येष्ठ नागरिक बचत योजना चालू आहे. टपाल कार्यालयात आणि बहुतेक मोठ्या बँकांत तिचे खाते उघडता येते. मुदत पाच वर्षांची, पुढे तीन-तीन वर्षांनी वाढविता येणारी. एप्रिल २०२३ मध्ये तिची कमाल मर्यादा पंधरा लाखांवरून तीस लाख झाली आणि व्याजदर ८.२ टक्के झाला. नव्या खात्यांचा दर सरकार दर तिमाहीस जाहीर करते. परंतु ज्या दराने खाते उघडले, तो दर पाच वर्षे बदलत नाही. व्याज दर तीन महिन्यांनी हाती येते. मुदतीपूर्वी पैसे लागले तर थोडी कपात सोसून काढता येतात.

वरील कुटुंबाने पतसंस्थेतील व बँकेतील बारा लाख रुपये ठेवींची मुदत संपताच या योजनेत ठेवले, तर ८.२ टक्क्यांनी वर्षाला ९८,४०० रुपये, म्हणजे महिन्याला ८,२०० रुपये येतात. बचत खात्यातील चार लाख आजारपणासाठी हाताशी राहतात. तूट २३,६०० वरून १५,४०० वर येते. मुलाच्या पगारात एक रुपयाची वाढ न होता त्याचे महिना ८,२०० रुपये मोकळे होतात, आणि मुद्दलाला कोणी हातही लावलेला नसतो.

यावर भावनेचा पक्ष म्हणेल, म्हाताऱ्यांच्या पैशावर मुलाचा डोळा! डोळा असलाच तर तो पैसा जसाच्या तसा राखून वारसाहक्काने मिळविण्यात आहे. तो आईबापांच्या ताटात आणि औषधात खर्च होऊ देण्यात कसला डोळा? उलट स्वतःच्या व्याजातून भाजी आणणाऱ्या वडिलांची मान ताठ राहते. त्यांना दर महिन्याला मुलाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.

मान ताठ राहणे ही केवळ शोभेची बाब नव्हे. पैसे मागण्याचा संकोच वाटणारे वृद्ध पहिली काटकसर औषधात करतात. रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेतली जाते, मधुमेहाची अर्धी केली जाते. ओळखण्याची खूण साधी आहे. दहा गोळ्यांची पट्टी दिवसाला एक याप्रमाणे दहा दिवसांत संपली पाहिजे. ती पंधरा-वीस दिवस पुरत असेल, तर घरात काटकसर चालू आहे आणि तिचे बिल पुढे रुग्णालयात भरावे लागणार आहे. मुलाने पाठविलेल्या रकमेपेक्षा ही पट्टी खरे काय ते अधिक सांगते.

या उपायाची एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. व्याजाची रक्कम तीच राहते, महागाई राहत नाही. आज १५,४०० असलेली तूट दरवर्षी वाढणार. म्हणून वडील ऐंशीच्या घरात गेले की मुद्दलातूनही थोडे थोडे खर्च करण्याची मनाची तयारी हवी. त्यासाठी जमविलेल्या पैशाचा त्यासाठीच उपयोग करणे यात लाजण्यासारखे काही नाही.

लेकीला वगळणारा हिशेब

उरलेली तूट एकट्याने का भरावी? या प्रश्नावर आपल्या समाजाचा दांभिकपणा उघडा पडतो. वाटणीच्या वेळी सर्व अपत्ये समान, सांभाळण्याच्या वेळी मात्र जो जवळ राहतो तो. परदेशी किंवा परगावी असलेला भाऊ दिवाळीला येतो, आईला साडी आणि वडिलांना नवा मोबाइल देतो आणि कौतुकास पात्र होतो. रोज रात्री रक्तदाब तपासणारा मात्र गृहीत धरला जातो. आणि बहिणीला तर कोणी विचारतच नाही, कारण मुलीच्या घरचे पाणी पिऊ नये, ही समजूत अजून अनेक घरांत जिवंत आहे.

कायद्याला ही समजूत मान्य नाही. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा वृद्ध आईवडिलांच्या पालनाचे दायित्व मुलगा आणि मुलगी दोघांवरही ठेवतो. विवाहित कन्येवरही पित्याच्या निर्वाहाची जबाबदारी येऊ शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली दिला. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकविषयक कायद्यानेही अपत्यांत मुलगा-मुलगी असा भेद केलेला नाही. अर्थात न्यायाधिकरणाची पायरी चढण्याची वेळ ज्या घरावर येते, ते घर आधीच हरलेले असते. कायद्याचा उल्लेख एवढ्यासाठीच, की कन्येने वाटा उचलणे ही कोणाची मेहेरबानी नव्हे आणि तो स्वीकारणे ही कोणाची नामुष्कीही नव्हे.

वाटा समान असावा असे मात्र नाही. तो मिळकतीच्या प्रमाणात असावा. आपल्या उदाहरणात धाकटा भाऊ बंगळुरूस १,२०,००० मिळवितो, बहीण ४०,०००. तिघांची मिळकत २,४०,०००. १५,४०० रुपयांची विभागणी प्रमाणात केली तर थोरल्याकडे सुमारे ५,१००, धाकट्याकडे ७,७०० आणि बहिणीकडे २,६०० येतात. परंतु थोरला जवळ राहतो. रुग्णालयाच्या रांगा, बँकेची कामे, रात्रीअपरात्री धावणे त्याच्या आणि विशेषतः त्याच्या पत्नीच्या वाट्याला येते. त्या श्रमाचे मोल धरून थोरल्याने ४,०००, धाकट्याने ९,००० आणि बहिणीने २,४०० द्यावे, हे अधिक न्याय्य. घरच्या सुनेचे श्रम ज्या हिशेबात शून्य धरले जातात, तो हिशेब प्रामाणिक नव्हे.

ही विभागणी कागदावर लिहावी आणि दरवर्षी दिवाळीत, सर्व एकत्र आले असता, वाढलेल्या खर्चाप्रमाणे दुरुस्त करावी. आईवडिलांच्या नावे एक स्वतंत्र बँक खाते ठेवून तिघांनी परस्पर त्यात रक्कम भरावी, म्हणजे कोण देतो आणि कोण विसरतो, हे न बोलता दिसते.

एक रुग्णालय, दहा वर्षांची बचत

महिन्याची तूट घर सहसा बुडवीत नाही. घर बुडते ते एका रात्रीत, रुग्णालयाच्या दारात. त्या रात्री मुलगा हातात येईल ते मोडतो. भविष्यनिर्वाह निधीतून उचल, पत्नीचे दागिने, क्रेडिट कार्ड. निधीतून काढलेले पैसे पुन्हा कोणी भरत नाही. ती भगदाडे निवृत्तीच्या दिवशी दिसतात.

येथेही साधने आहेत, पण ती आधी जुळवून ठेवावी लागतात. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकास, मग त्याचे उत्पन्न काहीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळाले आहे. त्यासाठी आधारच्या आधारे वय वंदना कार्ड काढावे लागते. जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात. मर्यादा दोन आहेत. योजनेत नोंदलेल्या रुग्णालयातच उपचार मिळतात आणि घरी घ्यावयाच्या रोजच्या औषधांचा खर्च त्यात येत नाही. म्हणून कार्ड काढल्याबरोबर घराजवळची कोणती रुग्णालये यादीत आहेत, तेथे हृदयविकाराचे व अस्थिभंगाचे उपचार त्या योजनेत होतात काय, हे प्रत्यक्ष जाऊन विचारून ठेवावे. मध्यरात्री रुग्णवाहिकेत बसल्यावर ही चौकशी होत नसते.

आपल्या उदाहरणातील वडिलांना हे संरक्षण मिळते. ६७ वर्षांच्या आईला मिळत नाही. तिच्यासाठी खासगी विमा पाहावा लागतो. पासष्टीनंतर नवा विमा मिळत नाही, ही समजूत आता खरी नाही. २०२४ मध्ये विमा नियामकाने वयाची अट काढली आणि जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ चारऐवजी जास्तीत जास्त तीन वर्षांचा केला. तरी कंपनी प्रकृती पाहून नकार देऊ शकते, आणि हप्ता भारी असतो. विमा मिळाला नाही, तर बचत खात्यातील चार लाख हाच तिचा विमा. त्याला लग्नकार्यासाठी किंवा नातवाच्या दुचाकीसाठी कोणी हात लावू नये.

शून्य बचत म्हणजे पुढच्या पिढीवर कर्ज

आता स्वतःच्या बचतीचा प्रश्न. आईवडील आहेत तोवर त्यांचे पाहू, नंतर आपले पाहू, असे अनेक सज्जन म्हणतात. हेतू उदात्त, पण गणित चुकलेले. ४२ वर्षांच्या मुलाने साठीपर्यंत महिना १०,००० रुपये साठविले आणि त्यावर वर्षाला आठ टक्के परतावा धरला, तर सुमारे ४८ लाख रुपये जमतात. तीच बचत आठ वर्षे थांबवून पन्नाशीत सुरू केली, तर अवघे १८ लाख. थांबविलेले रुपये साडेनऊ लाख. गमावलेले तीस लाख. ती तूट शेवटच्या दहा वर्षांत भरून काढायची, तर महिना १०,००० ऐवजी २६,००० बाजूला काढावे लागतील, आणि तेही मुलांच्या उच्च शिक्षणाच्या ऐन काळात.

परंतु त्या कठीण आठ वर्षांत महिना फक्त ४,००० रुपये चालू ठेवले आणि पुढे १०,००० केले, तर जमा ३० लाखांच्या घरात जाते. म्हणून नियम साधा आहे. बचत कमी करावी लागली तर करावी; ती शून्य करू नये.

आपल्या उदाहरणातील थोरल्याकडे आता, ४,००० आईवडिलांना देऊन, २०,००० उरतात. भावंडांनी पाठ फिरविली आणि त्याला सर्व १५,४०० भरावे लागले, तरीही ८,६०० उरतात. ज्या घरात महिनाअखेर चारशे रुपये राहत होते, त्याच घराची ही गोष्ट. पगार वाढला नाही, आईवडिलांच्या ताटातले काही कमी झाले नाही. फक्त झाकलेला हिशेब उघडा झाला.

ज्यांच्याकडे काहीच नाही

सर्वच आईवडिलांकडे सोळा लाख नसतात, हे खरे. कित्येकांनी आपली सारी पुंजी मुलांच्या शिक्षणात घातलेली असते. तेथे मुद्दल कामाला लावा, हा सल्ला क्रूर ठरेल. त्या मुलाची पुंजी त्याच्या शिक्षणाच्या रूपाने त्याला आधीच मिळालेली आहे. त्याने तूट भरलीच पाहिजे, आणि त्याची बचत काही वर्षे त्या ४,००० रुपयांवर राहिली तरी तक्रार करू नये. मात्र तेथे एक तिसरा दावेदार तपासला पाहिजे. आईवडील आणि बचत यांच्या भांडणात त्याचे नाव कधी निघत नाही. दर तीन वर्षांनी बदलणाऱ्या मोटारीचा हप्ता, वर्षाची विदेशवारी, ऐपतीबाहेरची शाळा, वाढदिवसाची सभागृहे. पगारातून सर्वांत आधी पैसे घेणारा हा चंगळवाद नामानिराळा राहतो, आणि भांडण लावले जाते ते आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत आणि मुलाच्या निवृत्तीत.

राहते घर असूनही हाती पैसा नसलेल्या वृद्धांनी ते मुलांच्या नावे हयातीत करून देण्याची घाई करू नये. मृत्युपत्र करावे, बक्षीसपत्र करू नये. घर नावावर असेतो वृद्धांचा शब्द घरात चालतो, आणि वेळ पडल्यास त्या घरावर बँकेकडून महिन्याची रक्कम घेण्याची सोयही, म्हणजे रिव्हर्स मॉर्गेज, त्यांना उपलब्ध राहते.

हा हिशेब मांडण्याची पहिली जबाबदारी कोणाची? मुलाने विचारले तर लोभी ठरतो, सुनेने विचारले तर कजाग. म्हणून तो वडिलांनीच मांडावा. आपल्या ठेवी, खाती, निवृत्तिवेतन, औषधे आणि महिन्याचा खर्च एका वहीत लिहून ती वही सर्व अपत्यांसमोर ठेवावी. आयुष्यभर घराचा हिशेब ज्यांनी चोख ठेवला, त्यांनी शेवटचा हिशेब मात्र कुलपात ठेवावा, हे त्यांना शोभणारे नाही. आणि ज्या घरात वडील ती वही उघडतील, त्या घरात मुलाने पहिले पान वाचावे ते आईच्या औषधांचे. ठेवींचे पान नंतर.